३२० × २०० चे जुने गेम आणि फोरके पडदा: फिल्टर आले कुठून?

डॉसच्या काळातले बहुतेक २५६ रंगी गेम ३२० × २०० पिक्सेलचे. मात्र ते चित्र ४:३ च्या मॉनिटरवर पूर्ण ताणून दिसायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा २० टक्के उंच. चित्रकारांनी वर्तुळं, चेहरे त्याच हिशेबानं काढले. व्हीजीए कार्ड प्रत्येक ओळ दोनदा काढत असल्यामुळे ओळींमधल्या काळ्या रेघाही फारशा दिसत नसत. आज अशा गेमवर स्कॅनलाइनचे, म्हणजे त्याच काळ्या रेघांचे जाड पट्टे चढवतात, तो वारसा टीव्हीला जोडलेल्या कन्सोलचा आहे. डॉसच्या गेमला तो लावू नये.

चित्र मोठं करण्याचा प्रश्न जुनाच. १९९२ च्या सुमारास लुकसआर्ट्स या गेम कंपनीत एरिक जॉन्स्टन मॅकिंटॉशसाठी गेम बसवत होते आणि तिथला पडदा जवळपास दुप्पट होता. त्यांनी एका पिक्सेलचे चार केले. वरचा आणि डावीकडचा शेजारी एकाच रंगाचा असेल, तर वरच्या डाव्या कोपऱ्याला तोच रंग द्यायचा, बाकी कोपऱ्यांनाही तसंच. नवा रंग तयारच होत नाही, म्हणून कडा स्वच्छ राहतात. ईपीएक्स नावाच्या या पद्धतीच्याच वळणावर पुढे स्केल२एक्स आलं. २००३ च्या एचक्यू२एक्सने मात्र रंग मिसळून तिरक्या रेषा गुळगुळीत केल्या. मोठ्या पटीत ते चित्र मला मेणासारखं वाटतं, लहान चेहऱ्यांचे तर डोळेच विरघळतात.

एलसीडी आल्यावर मॉनिटर आणि ड्रायव्हर सरसकट बायलिनियर, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांचे रंग मिसळण्याच्या पद्धतीनं चित्र ताणू लागले, आणि सगळं धुरकट झालं. पूर्णांक पटीची, म्हणजे इंटिजर स्केलिंगची सोय इंटेल, एनव्हिडिया आणि एएमडीच्या ड्रायव्हरांत २०१९ मध्ये आली.

पण ३८४० × २१६० वर हिशेब करून पाहा. ४:३ राखून पूर्ण उंची भरायची तर चित्र २८८० × २१६० होतं. आडवी पट नेमकी ९, उभी १०.८. नुसती निअरेस्ट नेबर, म्हणजे रंग न मिसळता जवळचाच पिक्सेल उचलणारी पद्धत लावली तर दर पाच ओळींतल्या चार ११ पिक्सेलच्या आणि एक १० ची होते. वरखाली स्क्रोल करताना चित्र लहरतं, त्यावरून हे लगेच ओळखू येतं. उपाय शार्प बायलिनियर: आधी ९ × १० पट निअरेस्टनं, मग उरलेला ताण बायलिनियरनं. धूसरपणा ओळींच्या सीमेवर जेमतेम एका पिक्सेलचा राहतो. ३४४० × १४४० च्या अल्ट्रावाइडवर तर ५ × ६ पटीनं १६०० × १२०० नेमकं बसतं. वर-खाली १२० आणि दोन्ही बाजूंना ९२० पिक्सेल काळे राहतात, ते राहू द्यावेत.

शार्पनिंगचे आजचे फिल्टर वेगळ्याच दुखण्यासाठी जन्मले. एएमडीचं सीएएस २०१९ चं, टीएए या कडा गुळगुळीत करणाऱ्या तंत्रामुळे आलेला मऊपणा घालवणारं. चित्र मोठं करणारं २०२१ चं एफएसआर १ देखील कडा आधीच गुळगुळीत झालेलं चित्र गृहीत धरतं. डॉसच्या पिक्सेलला कडा आधीच कमाल तीव्र असतात. बायलिनियरनं धुरकटलेल्या चित्रावर शार्पनिंग चढवलं की हरवलेली कड परत येत नाही, अक्षरांभोवती पांढरट प्रभा तेवढी उमटते. ती दिसली की शार्पनिंग बंद करून मोठं करण्याची पद्धतच बदलावी.