फेज-ट्रान्सफर उत्प्रेरक: नावातले ‘ट्रान्सफर’ नेमके कशाचे?

जळगाव-धुळ्याकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना मी एका परीक्षानळीपासून सुरुवात करतो. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट द्रावणावर टोल्युइन ओतले की खाली जांभळे पाणी आणि वर रंगहीन थर राहतो. नळी कितीही हलवली तरी वरचा थर कोराच असतो. मग चिमूटभर टेट्राब्युटिलअमोनियम ब्रोमाइड घालून पुन्हा हलवले की जांभळा रंग वर चढतो. (हा वरचा थर आटवून कोरडा क्षार वेगळा काढू नये, असे परमँगनेट क्षार स्फोट पावू शकतात.) ऋणआयन पाणी सोडून तेलकट थरात गेला हे इथे डोळ्यांना दिसते, आणि ‘फेज-ट्रान्सफर’ हे नाव याच चित्राला चपखल बसते. अडचण अशी की हे नाव पुढे ज्या अभिक्रियांना लावले गेले, त्या सगळ्या या चित्राप्रमाणे चालत नाहीत.

चतुर्थक अमोनियम क्षारांच्या मदतीने दोन थरांत अल्किलीकरण केल्याची नोंद १९५१ मध्येच झाली होती. १९६० च्या दशकात सोडियम हायड्रॉक्साइडचे ५० टक्के द्रावण आणि बेंझिलट्रायएथिलअमोनियम क्लोराइड वापरून फेनिलअॅसिटोनायट्राइलचे अल्किलीकरण पद्धतशीरपणे अभ्यासले गेले. नाव मात्र रूढ झाले ते १९७१ च्या एका शोधनिबंधामुळे. त्यातला प्रयोग आजही शिकवण्याजोगा आहे: १-क्लोरोऑक्टेन सोडियम सायनाइडच्या जलीय द्रावणाबरोबर तापवले तर दिवसच्या दिवस काही घडत नाही, पण लांब साखळ्यांचा फॉस्फोनियम क्षार एक-सव्वा टक्का घातला की सुमारे १०५ अंशांवर दोन तासांच्या आत जवळजवळ सगळे क्लोराइड नायट्राइलमध्ये बदलते. धनआयन सायनाइडला सेंद्रिय थरात नेतो, तिथे अभिक्रिया होते, मोकळ्या झालेल्या क्लोराइडला घेऊन तो परततो आणि नवा सायनाइड उचलतो, असे हे चक्र मांडले गेले.

वाद पेटला तो हायड्रॉक्साइडवरून. हायड्रॉक्साइड आयनाला पाण्याची इतकी ओढ असते की टोल्युइनमध्ये तो जवळपास उतरतच नाही, आणि बेंझिलट्रायएथिलअमोनियमसारखा आखूड साखळ्यांचा क्षार त्याला ओढून नेण्याइतका तेलस्नेहीही नाही. तरीही याच क्षाराने फेनिलअॅसिटोनायट्राइलचे अल्किलीकरण उत्तम होते. यावरून दुसरी बाजू अशी मांडली गेली की प्रोटॉन दोन थरांच्या सीमेवरच काढला जातो, तयार झालेला कार्बऋणआयन तिथेच अडकून पडतो, आणि उत्प्रेरक फक्त त्याला सीमेवरून आत सोडवून नेतो. म्हणजे स्थलांतर हायड्रॉक्साइडचे नाही, कार्बऋणआयनाचे. माझ्या मते तीव्र अल्कलीच्या अभिक्रियांपुरती हीच बाजू बळकट आहे, आणि ढवळण्याचा वेग तिला दुजोरा देतो. सायनाइडच्या उदाहरणात मिनिटाला सुमारे ३०० फेऱ्यांनंतर वेग वाढवून अभिक्रियेत फरक पडत नाही, कारण अडसर थराच्या आत आहे. अल्कलीच्या उदाहरणात फेऱ्या हजारापुढे नेल्या तरी अभिक्रिया वेगावत राहते, कारण तिथे सीमेचे क्षेत्रफळच निर्णायक ठरते.

क्राउन ईथर मात्र वेगळ्या वाटेने आले. त्यातले पहिले, डायबेंझो-१८-क्राउन-६, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दुसऱ्याच पदार्थाच्या शोधात, कच्च्या मालातील अशुद्धीमुळे, अर्ध्या टक्क्याहूनही कमी उताऱ्याने हाती लागले; सविस्तर माहिती १९६७ मध्ये छापली गेली. १८-क्राउन-६ च्या कड्यात सहा ऑक्सिजन पोटॅशियमला वेढतात आणि बाहेर हायड्रोकार्बनची बाजू राहते, त्यामुळे पोटॅशियमचा घन क्षार पाण्याशिवायही सेंद्रिय द्रावकात उतरतो. पाण्याचे वेष्टण नसलेला फ्लोराइड किंवा अॅसिटेट मग फार जोमाने हल्ला करतो. पाणी चालणार नसेल तेव्हा क्राउनला पर्याय कमी. बाकी ठिकाणी त्याची किंमत आणि विषारीपणा पाहता स्वस्त अमोनियम क्षारच पुढे राहिले.

विद्यार्थ्यांचा प्रयोग फसतो तो बहुधा दोन कारणांनी. ‘आयोडाइड जास्त क्रियाशील’ या हिशेबाने फेनिलअॅसिटोनायट्राइलसाठी ब्युटिल ब्रोमाइडऐवजी ब्युटिल आयोडाइड घेतले की सुरुवात झटकन होते आणि मग गाडी अडते. मोकळा झालेला आयोडाइड स्वतःच तेलस्नेही असल्याने उत्प्रेरकाच्या धनआयनाला चिकटून सेंद्रिय थरातच बसतो आणि कार्बऋणआयनाला जोडीदार उरत नाही. दुसरे कारण उष्णतेचे. तीव्र अल्कलीत हे क्षार तापले की हॉफमन विलोपनाने तुटतात. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या आसपास असते, त्यात अभिक्रिया स्वतः उष्णता सोडते, म्हणून बर्फाचे पाणी हाताशी ठेवावे लागते. फ्लास्कमधून माशासारखा अमाइनचा वास येऊ लागला की उत्प्रेरक तुटू लागला असे समजावे.

कार्बऋणआयन उत्प्रेरकाला बिलगूनच सेंद्रिय थरात वावरतो, याचा सर्वांत बोलका दाखला १९८४ मध्ये मिळाला. सिंकोना झाडाच्या अल्कलॉइडपासून केलेला किरल क्षार, टोल्युइन आणि ५० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड वापरून एका इंडॅनोनवर मिथिल गट बसवला, तेव्हा एका प्रतिबिंबरूपाचे आधिक्य ९२ टक्के मिळाले. धनआयन आणि कार्बऋणआयन सुटे सुटे फिरत असते, तर एका बाजूची अशी निवड झालीच नसती.