आधारवर्ष बदलले की महागाई खरोखर उतरते का?

महागाई मोजणाऱ्या निर्देशांकाबद्दल असा आरोप ऐकू येतो: «निर्देशांक 184 वरून एकदम 103 वर आणला, आधारवर्ष बदलून महागाई कागदावरच पुसली.»

निर्देशांकाचा आकडा म्हणजे किंमत नव्हे. निवडलेल्या वर्षाची, म्हणजेच आधारवर्षाची, सरासरी 100 धरून काढलेले ते गुणोत्तर असते. म्हणून जुनी आणि नवी मालिका आलेखात थेट एकापुढे एक ठेवली की जी दरी दिसते, ती बाजारातली नसून मोजपट्टीची असते.

ती सांधण्यासाठी जोड गुणक वापरतात. समजा, नव्या आधारवर्षात जुन्या मालिकेची बारा महिन्यांची सरासरी 180 होती. नव्या मालिकेची अर्थातच 100. गुणक झाला 1.80. जुन्या मालिकेचा शेवटचा महिना 184 आणि नव्या मालिकेचा पुढचा महिना 103 असेल, तर 103 × 1.80 = 185.4, म्हणजे किमती उतरल्या नाहीत, सुमारे 0.8 टक्क्यांनी चढल्या. गुणक एखाद्याच महिन्यावरून काढू नये, कारण हंगामी चढउतार त्यात कायमचे अडकून बसतात.

पडताळणी सोपी आहे: जोडलेल्या मालिकेतील सांध्यापूर्वीचे टक्केवारी बदल जुन्या मालिकेशी आणि नंतरचे नव्या मालिकेशी, पूर्णांकनाचा किरकोळ फरक सोडता, जुळले पाहिजेत.

शंकेला खरी जागा आहे ती वेगळीच. आधारवर्षासोबत बहुधा वस्तूंची यादी आणि त्यांना दिलेले महत्त्व म्हणजे भारही बदलतात. त्यामुळे सांध्यानंतरचा महागाईचा दर जुन्या पद्धतीने आला असता त्यापेक्षा वेगळा येऊ शकतो, आणि तो फरक कोणताही गुणक भरून काढत नाही. शिवाय प्रत्येक गटाचा गुणक स्वतंत्र असतो. एकूण निर्देशांकाचा गुणक अन्नधान्याच्या मालिकेला लावला, तर सांध्यावर खोटी पायरी उमटते.