मित्राचे पॅकेट नेमके कुठे अडते?

घरच्या लिनक्स संगणकावर माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर सुरू केला, की तो टीसीपीच्या 25565 या पोर्टवर जोडणीची वाट पाहत बसतो. घरातल्या वायफायवरून खेळ लगेच सुरू होतो. दुसऱ्या गावातल्या मित्राला मात्र बराच वेळ थांबून ‘टाइम आउट’ एवढाच संदेश दिसतो.

याचे कारण राउटरच्या नॅट नावाच्या कामाच्या पद्धतीत आहे. घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीची नोंद तो ठेवतो आणि आलेले उत्तर त्या नोंदीवरून योग्य यंत्राकडे पाठवतो. मित्राचे पॅकेट आपणहून आलेले असते, त्याची नोंद नसते, म्हणून ते टाकून दिले जाते. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे ही नोंद हाताने कायमची लिहून ठेवणे: 25565 वर जे येईल, ते 192.168.0.10 या सर्व्हरकडे द्यावे. हा पत्ता उद्या बदलू नये, म्हणून तो राउटरमध्येच राखून ठेवावा लागतो.

एवढे करूनही जोडणी झाली नाही, तर सेटिंग्ज पुन्हा पुन्हा चाळण्यापेक्षा पॅकेट कुठवर पोहोचते ते पाहावे. सर्व्हरवर पुढील आज्ञा चालू ठेवून मित्राला जोडणी करायला सांगावे.

```
sudo tcpdump -n -i any tcp port 25565
```

पडद्यावर पॅकेट उमटले, पण सर्व्हरचे उत्तर उमटले नाही, तर बहुधा संगणकाची फायरवॉल आड येते, कारण tcpdump ला येणारे पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसते. मग sudo ufw allow 25565/tcp हा नियम पुरतो. मित्राला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा नकार तत्काळ मिळाला, तर बहुतेक वेळा पॅकेट यंत्रापर्यंत आलेले असते आणि सर्व्हरच बंद असतो.

काहीच उमटले नाही, तर दोष संगणकाच्या अलीकडे आहे. अशा वेळी राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता, म्हणजे त्याचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, पाहावा. तो 192.168.1.5 असा असेल, तर इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबाही राउटरचेच काम करतो आहे, म्हणजे हे दुहेरी नॅट झाले. त्या डब्यातही 25565 पोर्ट 192.168.1.5 कडे वळवावा, किंवा डबा ब्रिज मोडमध्ये टाकावा, म्हणजे तो राउटरचे काम सोडून देतो. दुसरा उपाय मला अधिक स्वच्छ वाटतो, कारण त्यात एकच यादी सांभाळावी लागते.

डब्याचा स्वतःचा वॅन पत्ता 100.64 ते 100.127 ने सुरू होत असेल, तर मात्र तिसरे नॅट कंपनीच्या यंत्रणेत आहे आणि तिथे आपला नियम लिहिता येत नाही. तेव्हा कंपनीकडून सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा, किंवा दोन्ही घरी आयपीव्ही६ असल्यास त्यावरून जोडावे. तिथे सहसा नॅट नसते, फक्त राउटरच्या आणि संगणकाच्या फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागते.

ही तपासणी घरातल्या वायफायवरून स्वतःचाच सार्वजनिक पत्ता टाकून करू नये. अनेक राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळणारी जोडणी हाताळत नाहीत, त्यामुळे सगळे ठीक असूनही अपयश दिसते; फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहावे.