बेरोजगारी: वेतन जास्त की मागणी कमी? उत्तरात तुलना कशी करावी

समष्टी अर्थशास्त्राच्या उत्तरांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘सनातनपंथी अर्थशास्त्रज्ञांच्या मते वेतन लवचिक असते, केन्सच्या मते ताठर असते, म्हणून बेरोजगारी.’ या वाक्यानं तुलना सुरू होण्याआधीच संपते. वेतन ताठर राहिलं की बेरोजगारी येते, हे सनातनपंथीयांनाही मान्यच होतं. केन्सचं म्हणणं त्याच्या पुढचं आहे: मजुरांनी वेतनकपात मान्य केली, तरी बेरोजगारी हटेलच असं नाही. खरा वाद इथे आहे, आणि तो आकड्यांनी पटकन दिसतो.

आधी सनातनपंथीयांची, म्हणजे बाजार समतोलाची मांडणी घेऊ. वास्तव वेतन १०० असताना मालकांना ५० कामगार हवेत आणि ५० जणच कामाला तयार आहेत. संघटनेच्या दबावामुळे किंवा कायद्यामुळे वेतन १२० वर अडकलं. आता मालकांना ४० जण पुरतात, तर तयार आहेत ५६. बेरोजगार १६. यातल्या १० जणांची नोकरी गेली. उरलेले ६ वाढीव वेतन पाहून नव्याने बाजारात आले. आकृतीतलं हे अंतर दोन भागांत फोडून दाखवणं फार कमी जण करतात, आणि परीक्षकाला समज दिसते ती तिथेच. वेतन १०० वर आलं की अंतर मिटतं. त्यानंतरही उरते ती घर्षणात्मक किंवा ऐच्छिक बेरोजगारी. ‘सनातनपंथी बेरोजगारी मानतच नाहीत’ हे विधान म्हणूनच चुकीचं आहे.

आता केन्सची, म्हणजे मागणीची मांडणी. Y हे उत्पन्न धरलं तर उपभोग C = १०० + ०.७५Y, गुंतवणूक १००. म्हणजे समतोल उत्पन्न २०० ÷ ०.२५ = ८००. एक कामगार १० चं उत्पादन करतो असं धरलं तर ८० जणांना काम मिळेल. कामाला तयार आहेत १००, म्हणजे २० बेरोजगार. या गणितात वेतन कुठेच नाही. पूर्ण रोजगारासाठी उत्पन्न २०० ने वाढायला हवं, पण खर्च वाढवायचा तो फक्त ५० ने, कारण गुणक १ ÷ ०.२५ = ४ आहे. इथे २०० लिहिण्याची चूक फार होते.

मग पैशातलं वेतन १० टक्के कापलं तर? उत्पादनखर्च उतरतो आणि स्पर्धेमुळे किमतीही जवळपास तेवढ्याच उतरतात. वास्तव वेतन जागच्या जागी राहतं. रोजगार वाढायचा तर एकूण खर्च वाढायला हवा. किमती उतरल्याने हातातल्या पैशाची खरेदीशक्ती वाढून व्याजदर खाली येऊ शकतो. पण त्याच घसरणीने कर्जाचा बोजाही वाढतो आणि ‘अजून स्वस्त होईल’ म्हणून खरेदी पुढे ढकलली जाते. केन्सने १९३६ च्या ग्रंथात वेतनकपातीला वेगळं प्रकरण दिलं ते यासाठीच.

उदाहरणाला ब्रिटन घ्या. १९२५ मध्ये पौंड युद्धापूर्वीच्या ४.८६ डॉलर दराने पुन्हा सुवर्णमानकावर गेला. निर्यात महागली; कोळसा, जहाजबांधणी आणि कापड धंद्याला त्याचा मोठा फटका बसला. १९२९ नंतर किमती वेतनापेक्षा जास्त घसरल्या, त्यामुळे वास्तव वेतन वाढलं आणि बेरोजगारीही वाढली. बाजार समतोलवाला इथे बोट ठेवतो: बघा, महाग मजूर! मागणीवाला म्हणतो, किमती पडल्या त्या मागणी आटली म्हणून. वाढलेलं वास्तव वेतन कारण नाही, परिणाम आहे. दोघांकडे आकडे तेच आहेत. त्यामुळे नुसतं ‘वास्तव वेतन वाढलं’ एवढं लिहून कुठल्याच बाजूचा निकाल लागत नाही.

निकालाच्या जवळ जायचं तर पुढे काय झालं ते पाहावं. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक सोडलं, जून १९३२ मध्ये बँक दर २ टक्क्यांवर आला आणि १९३३ पासून बेरोजगारी उतरू लागली. वेतनात मोठी कपात न होता ती उतरली, ही मागणीच्या बाजूची भक्कम साक्ष आहे. पण याच पुराव्याची मर्यादाही उत्तरात यायला हवी: मागणी सावरली तरी जहाजबांधणी बंद पडलेलं जॅरो गाव तसंच राहिलं आणि १९३६ मध्ये तिथले कामगार लंडनपर्यंत चालत गेले. तिथे प्रश्न धंदा आणि ठिकाण यांचा होता. त्यासाठी तिसरं, संरचनात्मक स्पष्टीकरण लागतं.

दहा गुणांच्या उत्तरात जागा वाटताना दोन्ही सिद्धांतांची ओळख चार-चार ओळींत उरकावी. उरलेली जागा एकाच प्रश्नाला द्यावी: वेतन कापल्यावर प्रत्येक मांडणीत पुढे काय होतं, आणि कुठल्या पायरीवर दोघांची वाट फुटते? ती पायरी म्हणजे किमती. पहिल्या मांडणीत वेतन उतरताना किमती स्थिर धरलेल्या असतात. एका कारखान्यापुरतं ते बरोबर आहे. सगळ्या अर्थव्यवस्थेत मात्र वेतन हेच ग्राहकांचं उत्पन्नही असतं, त्यामुळे ते धरून चालता येत नाही.