‘ब्रेक अ लेग’ मराठी-हिंदीत आणताना: पार्श्वभूमी

नाशिकमध्ये स्पर्धेसाठी नाटक बसवणाऱ्या गटांच्या हाती इंग्रजीवरून केलेली संहिता येते, तेव्हा विंगेतल्या प्रसंगातले ‘ब्रेक अ लेग’ हे वाक्य हमखास अडते. प्रयोगाला निघालेल्या नटाला दिलेली ही शुभेच्छा आहे, पण तिचे शब्द पाय मोडण्याचे आहेत.

अब्राहम लिंकन यांचा मारेकरी, नट जॉन विल्क्स बूथ १८६५ मध्ये प्रेक्षागृहातून रंगमंचावर उडी मारताना पाय मोडून बसला, त्यावरून हा वाक्प्रचार आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते पटणारे नाही, कारण या अर्थाने हे शब्द छापील मजकुरात दिसू लागतात ते विसाव्या शतकात. आयरिश निबंधकार रॉबर्ट लिंड यांनी १९२१ मध्ये लिहिलेल्या लेखात घोड्यांच्या शर्यतीत उघडपणे यश चिंतणे अशुभ मानतात आणि त्याऐवजी पाय मोडो असे म्हणावे, असा उल्लेख आहे. जर्मन भाषेतही मान आणि पाय मोडण्याची अशीच शुभेच्छा आहे. चांगले बोलून दाखवले की त्याला दृष्ट लागते, हीच या सर्वांमागची समजूत आहे.

ही समजूत आपल्याला परकी नाही. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलाचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवत, ते याच भीतीपोटी. मात्र आपण ती युक्ती नावांत वापरली, निरोपाच्या बोलण्यात नाही. तिथे मराठी माणूस अभद्र शब्द कटाक्षाने टाळतो: ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणतो आणि प्रयोगापूर्वी रंगदेवतेपुढे नारळ फोडत नाही, तर ‘वाढवतो’. म्हणूनच ‘तुझा पाय मोडो’ हे मराठीत शापासारखे ऐकू येते; हिंदीत तर ‘टाँग तोड़ दूँगा’ ही सरळ धमकी आहे.

समजा, पहिल्याच प्रवेशासाठी थांबलेल्या तरुण अभिनेत्रीला ज्येष्ठ नट हे वाक्य म्हणतो आणि संवाद पुढे सरकतो. अशा वेळी मराठीत ‘गाजवून ये’ आणि हिंदीत ‘जाओ, छा जाओ’ एवढे पुरते. ‘गाजवून ये’ मला अधिक आवडते, कारण त्यातल्या ‘ये’मध्ये निरोपाचा आपला संकेतही पाळला जातो. तिच्याऐवजी समोर वडीलधारा नट असेल, तर ‘आजचा प्रयोग रंगू दे’ असे म्हणणेच शोभते.

परंतु मूळ संहितेत ती अभिनेत्री हे शब्द ऐकून दचकत असेल, किंवा पुढे खरोखरच कोणाचा पाय मोडणार असेल, तर पाय गाळता येत नाही. तिथे एक ओळ वाढवावी लागते. ज्येष्ठ नट ‘पाय मोडो तुझा!’ म्हणतो, ती ‘असं अभद्र का बोलता?’ विचारते आणि तो उत्तर देतो, ‘दृष्ट लागू नये म्हणून.’ हिंदीत हेच ‘नज़र न लगे, इसलिए’ असे होते. वाचनाच्या तालमीत संहिता न वाचलेल्या एखाद्याला बसवून पाहावे: नट रागावला आहे असे त्याला वाटले, तर खुलाशाची ओळ उशिरा येते आहे, आणि ती शुभेच्छेला लागूनच घ्यायला हवी.