विकीर्ण आलेख : अपवादबिंदूंवर नावे लिहून सहसंबंध समजावणे

दोन चलांच्या जोडमूल्यांचा प्रत्येकी एक बिंदू मांडून काढलेल्या आलेखास विकीर्ण आलेख म्हणतात. विकिरण आकृती, प्रकीर्ण आलेख आणि बोलण्यात ठिपक्यांचा आलेख अशीही नावे आढळतात. प्रस्तुत नोंदीत त्याच्या एका विशिष्ट वापराचा विचार केला आहे. संख्याशास्त्राचे शिक्षण नसलेल्या श्रोत्यांना सहसंबंध समजावताना, मुख्य समूहापासून दूर पडलेल्या बिंदूंवर त्यांची नावे लिहून आलेख दाखवणे, हा तो वापर होय. उदाहरण सातारा व सांगली जिल्ह्यांतील पर्जन्यमानाचे घेतले आहे.

उगम : या आलेखाचे जनकत्व कोणाकडे जाते, याविषयी एकमत नाही. स्तंभालेख, रेषालेख व वर्तुळालेख यांचा प्रसार करणाऱ्या विल्यम प्लेफेअर (१७५९–१८२३) यांच्या प्रसिद्ध कामात विकीर्ण आलेख आढळत नाही, आणि ही अनुपस्थिती अभ्यासकांना दीर्घकाळ खटकत आली आहे. एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची व वायुभारमापकातील पाऱ्याची उंची यांचा संबंध वक्ररेषेने दाखवला होता. त्या आकृतीत निरीक्षणांचे बिंदू मात्र नाहीत, सिद्धान्तावरून काढलेली रेषा आहे. म्हणून तिला पूर्वरूप म्हणणेच अधिक योग्य. फ्रान्सिस गॉल्टन यांचे नाव पाठ्यपुस्तकांत सर्वाधिक येते. आईवडील व मुले यांच्या उंचीसंबंधीची त्यांची १८८६ ची आकृती प्रत्यक्षात गटवार संख्यांचे कोष्टक होती आणि तिच्यावर समान संख्यांना जोडणारे वक्र काढलेले होते. तिला शब्दशः विकीर्ण आलेख म्हणता येईल का, हा प्रश्न त्यामुळे उरतो. मायकेल फ्रेंडली व डॅनियल डेनिस यांनी २००५ मध्ये जॉन हर्शेल यांचा पक्ष मांडला. हर्शेल यांनी १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कन्या राशीतील गॅमा या जोडताऱ्याचे स्थितिकोन काळानुसार बिंदूंनी मांडले आणि बिंदूंमधून हाताने सलग वक्र काढून निरीक्षणांतील चुका सौम्य केल्या. त्यांच्या आलेखात एक अक्ष काळाचा असल्यामुळे त्यास कालश्रेणी म्हणावे, असा आक्षेप घेता येतो. तथापि काळ हे तेथे केवळ साधन होते आणि शोध दोन चलांमधील संबंधाचाच होता, हे ध्यानात घेता हर्शेल यांचा पक्ष अधिक सबळ वाटतो. सहसंबंधाची कल्पना मात्र गॉल्टन यांचीच मानावी लागते. तिच्यावरील त्यांचा निबंध १८८८ चा असून संबंधाचे बळ उणे एक ते एक यांमधील आकड्यात सांगणाऱ्या गुणांकाचे आज वापरात असलेले सूत्र कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये सिद्ध केले.

अपवादबिंदूंचे महत्त्व फ्रँक अँस्कोम यांनी १९७३ मध्ये चार छोट्या संचांनी दाखवून दिले. प्रत्येक संचात अकरा जोडमूल्ये असून चारही ठिकाणी गुणांक सुमारे ०.८२ येतो. आलेख मात्र एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. तिसऱ्या संचात दहा बिंदू जवळजवळ अचूक सरळ रेषेत आहेत आणि एकच बिंदू रेषेच्या बराच वर आहे. चौथ्यात दहा बिंदूंचे आडवे मूल्य एकच, म्हणजे ८, आहे आणि १९ वर असलेला एकटा बिंदू सगळा गुणांक निर्माण करतो. तो काढल्यास गुणांक काढताच येत नाही. एक अपवादबिंदू असलेला संबंध लपवतो, दुसरा नसलेला संबंध उभा करतो. हा भेद श्रोत्यांसमोर प्रथम ठेवणे आवश्यक असते, कारण ‘वेगळा पडलेला बिंदू म्हणजे चूक’ अशी समजूत सार्वत्रिक आहे.

सातारा-सांगलीचे उदाहरण : उंचावर पाऊस जास्त पडतो, ही या भागातील सर्वांच्या अनुभवाची गोष्ट आहे. ती तपासण्यासाठी सात ठिकाणे घेतली आहेत. खालील आकडे पूर्णांकित व ढोबळ असून वर्षानुवर्षे पर्जन्यमानात मोठा फरक पडतो.

| ठिकाण | उंची (मी.) | वार्षिक पाऊस (मिमी.) |
|---|---|---|
| महाबळेश्वर | १३५० | ५६०० |
| पाचगणी | १२९० | १८०० |
| सातारा | ७४० | १००० |
| वाई | ७२० | ८०० |
| कोयनानगर | ६०० | ५००० |
| कराड | ५८० | ७०० |
| सांगली | ५५० | ६०० |

आडव्या अक्षावर उंची व उभ्या अक्षावर पाऊस घेतल्यास सांगली, कराड, वाई व सातारा हे चार बिंदू डाव्या बाजूस खाली एकत्र येतात. महाबळेश्वर उजव्या कोपऱ्यात वर जाते, पाचगणी त्याच्या जवळजवळ सरळ खाली पडते आणि कोयनानगर डाव्या बाजूस एकटेच उंचावर राहते. सातही बिंदूंचा सहसंबंध गुणांक ०.४६ येतो. कोयनानगर वगळताच तो ०.८१ होतो, आणि महाबळेश्वरही वगळल्यास ०.९९ पर्यंत जातो. उत्तर असे नेटके झाले की सादरकर्त्याला मोह पडतो. परंतु या भागातील सर्वाधिक पावसाची दोन्ही ठिकाणे काढून टाकल्यावर मिळालेला तो ०.९९ पावसाविषयी फारच थोडे सांगतो. शिवाय उरलेल्या पाचांत पाचगणी एकटीच उंचावर असल्याने बिंदूंमधून काढलेल्या रेषेचा कल मुख्यतः तिच्यावरच टेकलेला असतो.

नावे लिहिण्याचा उपयोग येथे स्पष्ट होतो. नाव नसलेला वरचा बिंदू मोजमापाची चूक वाटतो. त्याच्याशेजारी ‘कोयनानगर’ लिहिले की पाटणकडचा श्रोता स्वतःच सांगतो की तेथे धुवाधार पाऊस पडणारच. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना थंड होतात व घाटमाथ्यावर पाऊस टाकतात. पूर्वेकडे उतरताना ते उबदार व कोरडे होतात. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावून घाटमाथ्याला लागूनच दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते. कोयनानगर या खोऱ्यात, माथ्याच्या अगदी पाठीशी असल्याने उंची कमी असूनही माथ्यावरचा पाऊस त्याला मिळतो. पाचगणीची गोष्ट उलट आहे. महाबळेश्वरहून ती सुमारे ६० मीटरच खाली आहे, परंतु पूर्वेस वीसएक किलोमीटरवर पर्जन्यछायेत गेल्यामुळे तिचा पाऊस तिपटीने कमी होतो.

यावरून श्रोते नकळत तिसऱ्या चलाकडे वळतात, ते म्हणजे घाटमाथ्यापासूनचे अंतर. दुसऱ्या आलेखात आडव्या अक्षावर हे अंतर घेतल्यास कोयनानगर महाबळेश्वराशेजारी येऊन बसते आणि बिंदू डावीकडून उजवीकडे उतरू लागतात. वाई तेवढी साताऱ्यापेक्षा माथ्याला जवळ असूनही किंचित खाली राहते. पाचगणीच्या डोंगरसोंडेआड तिचे असणे हे त्यामागील एक संभाव्य कारण आहे. उतार सरळ रेषेचा नसतो. पहिल्या वीस किलोमीटरमध्ये पाऊस झपाट्याने घटतो आणि पुढे हळूहळू कमी होतो, म्हणून पिअर्सन यांचा गुणांक या संबंधाचे बळ प्रत्यक्षाहून कमी दाखवतो. सामान्य श्रोत्यांसमोर हा तपशील आकड्यात सांगण्यापेक्षा वक्र हाताने काढून दाखवणे इष्ट.

सादरीकरण : आलेख एकदम पूर्ण दाखवू नये. प्रथम रिकामे अक्ष दाखवून दोन्हींचा अर्थ व एकके सांगावीत, नंतर श्रोत्यांच्या गावाचा एकच बिंदू मांडून त्याच्यापासून खाली व डावीकडे बोट नेत दोन्ही आकडे वाचून दाखवावेत. एका बिंदूत दोन मोजमापे असतात ही गोष्ट उमगली नाही तर पुढचे सर्व व्यर्थ जाते, आणि ती उमगली नसल्याची खूण म्हणजे श्रोते बिंदूंना डावीकडून उजवीकडे जोडून काळाचा क्रम समजू लागतात. त्यानंतर उरलेले बिंदू नावांविना मांडून कोणते ठिकाण कुठे पडेल याचा अंदाज विचारावा आणि शेवटी अपवादबिंदूंवर नावे लिहावीत. मोठ्या संचात तीन-चार नावे पुरेशी होतात. त्यांत सर्वसाधारण समूहातील एक ओळखीचे नाव अवश्य असावे, अन्यथा श्रोत्यांची नजर केवळ अपवादांवर खिळून मुख्य कल नजरेआड होतो. नाव बिंदूलगत देवनागरीत लिहावे. रंगांची सूची बाजूला दिल्यास श्रोत्यांचा वेळ रंग जुळवण्यात जातो.

कोणत्या बिंदूवर नाव लिहावे, याचा नियम आलेख पाहण्यापूर्वी ठरवलेला बरा. रेषेपासूनचे उभे अंतर हा एक निकष आहे, परंतु आडव्या दिशेने एकटा पडलेला बिंदू रेषेलाच आपल्याकडे ओढतो आणि मग त्याचे उभे अंतर लहान दिसते. वरील उदाहरणात महाबळेश्वर व कोयनानगर वगळल्यानंतरची पाचगणी ही अशीच आहे. म्हणून बिंदू काढून व ठेवून दोन्ही गुणांक सांगणे हा अधिक विश्वासार्ह मार्ग होय.

अक्षांची व्याप्तीही फसवू शकते. विल्यम क्लीव्हलँड, पर्सी डायकोनिस व रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की अक्षांची मर्यादा वाढवून बिंदूंचा समूह चौकटीत लहान केला की तोच सहसंबंध पाहणाऱ्यांना अधिक बळकट भासतो. दूरचा एक अपवादबिंदू अक्ष लांबवून हाच परिणाम आपोआप घडवतो. वरील आलेखात महाबळेश्वर व कोयनानगर यांच्यामुळे उभा अक्ष ६००० पर्यंत न्यावा लागतो आणि सांगली, कराड, वाई, सातारा यांच्यातील चारशे मिलिमीटरचा फरक जवळजवळ दिसेनासा होतो, जरी शेतीच्या दृष्टीने तोच निर्णायक असतो. अशा वेळी त्या चारांचा वेगळा, मोठ्या प्रमाणातील आलेख सोबत द्यावा.

बिंदू गावांऐवजी व्यक्तींचे असतील, उदाहरणार्थ एकाच गावातील शेतकऱ्यांचा खतावरील खर्च व उसाचा एकरी उतारा, तर नाव लिहिण्याची पद्धत लागू पडत नाही. सर्वांत खालचा बिंदू कोणाचा हे सभेतील प्रत्येकाला कळते, आणि गट क्रमांक लिहिल्यानेही ते लपत नाही. तेथे नावाऐवजी कारण लिहावे, जसे ‘खोडवा’, ‘क्षारपड जमीन’ किंवा ‘पुराचे पाणी’, आणि तेही त्या कारणाचे एकाहून अधिक बिंदू असतील तेव्हाच.