फल्लीदाण्याची ॲलर्जी आणि गावच्या शाळेतला एक कागद

चौथीतल्या एका मुलीसाठी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे कृतियोजना लिहून मागितली. मुलीचं वजन २४ किलो, तिला दमा आहे आणि फल्लीदाण्याची ॲलर्जी पक्की झालेली आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. गावात उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र १२ किलोमीटरवर. परदेशी शाळांच्या छापील योजनेत पहिलीच ओळ असते, 'ऑटो-इंजेक्टर मांडीत टोचा'. ॲड्रेनॅलिन औषध आधीच भरलेलं ते उपकरण आपल्याकडच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. त्यामुळे हा कागद नव्यानेच लिहावा लागला.

पदार्थांची यादी मी मुद्दाम छोटी ठेवली: फल्लीदाणे, कूट, दाण्याची चटणी, चिक्की, लाडू, दाणे घातलेले पोहे आणि उसळ, कूट घातलेली वांग्याची भाजी. घाण्यावरच्या फल्लीच्या तेलात दाण्याचं प्रथिन थोडंफार उतरतं, म्हणून तेही बंद. तूर, हरभरा, मूग मात्र चालू. रक्ततपासणीत डाळीही 'पॉझिटिव्ह' दिसल्या होत्या, पण मुलगी वरण रोज खाते आणि तिला काही होत नाही. नुसत्या रिपोर्टवरून डाळी बंद केल्या, तर पोषण आहारातलं तिच्या ताटात उरणार काय?

स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी विचारलं, "चांगलं भाजलं तर चालंल का?" नाही. दाण्यातली ॲलर्जी करणारी मुख्य प्रथिनं उष्णतेने मोडत नाहीत, भाजल्यावर तर ती जास्तच त्रास देऊ शकतात. तिचं जेवण आधी वेगळं काढायचं, तिची पळी वेगळी ठेवायची. हात साबण-पाण्याने धुवायचे, सॅनिटायझरने हे प्रथिन निघत नाही.

आता लक्षणं. ओठाभोवती खाज, चार-दोन गांधी, एखादी उलटी एवढंच असेल तर ॲलर्जीचं औषध सेटिरिझिन देऊन मुलीला डोळ्यासमोर ठेवायचं. पण आवाज घोगरा झाला, सारखा खोकला सुरू झाला, छातीत घरघर आली, जीभ सुजली किंवा पोर पांढरी पडून मलूल झाली, तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जीची रिॲक्शन. गांधी आणि वारंवार उलट्या एकत्र आल्या तरी तसंच समजायचं. अंगावर काहीच उठलं नाही म्हणून थांबायचं नाही. काही मुलांच्या कातडीवर शेवटपर्यंत काही दिसत नाही. दमा असल्यामुळे या मुलीत शिक्षक पंपाकडेच धावतील, ही मला खरी भीती. पंप द्यायचा, पण ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शननंतर.

अशा वेळी रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळू लागतात. दहा मिनिटांत रक्तातल्या द्रवाचा तिसऱ्या हिश्शापर्यंत भाग बाहेर झिरपू शकतो. सेटिरिझिन फक्त हिस्टामिनला अडवतं आणि तेही सावकाश. गळती त्याने थांबत नाही. ती ॲड्रेनॅलिनने थांबते, श्वासनलिकाही त्यानेच मोकळी होते.

म्हणून मुलीला जागीच आडवं करायचं आणि पाय दप्तरांवर उंच ठेवायचे. धाप लागली असेल तर टेकून बसवायचं, उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचं. उभं करायचं नाही, चालवायचं नाही. दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवर न्यायचं, ही गावातली नेहमीची धावपळ इथे जिवावर बेतू शकते. रक्त पायाकडे उतरतं, हृदय रिकामं पडतं आणि पोर अचानक कोसळते. मोटारसायकल धावली पाहिजे, पण ती उपकेंद्रातल्या सिस्टरला शाळेत आणायला. एकाने तिकडे जायचं, त्याच वेळी दुसऱ्याने १०८ लावायचा आणि 'ॲनाफिलॅक्सिस' हाच शब्द सांगायचा.

सिस्टरकडे लसीकरणाच्या किटमध्ये ॲड्रेनॅलिन असतं, पण ते लसीच्या रिॲक्शनसाठी. या मुलीला ते देता यावं म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांचा लेखी आदेश कागदाला जोडून घेतला. एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेली ॲम्प्युल, डोस किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलीला ०.२४ मिलिलिटर. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. एक मिलिलिटरची सिरिंज हवी आणि सुई एक इंचाची. इन्सुलिनची सुई आखूड. औषध कातडीखालीच राहतं आणि उशिरा चढतं. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर फोनवर डॉक्टरांना विचारून दुसरा डोस. सिस्टर बाहेरगावी लसीकरणाला गेलेल्या असतील, त्या दिवसासाठी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा नंबर कागदावर खाली लिहिला आहे. दोघंही नसतील तर १०८ कडेच औषध असेल. तोवर मुलगी आडवीच.

इंजेक्शननंतर पोर हसू-बोलू लागली तरी दवाखान्यात न्यायचंच. काही तासांनी रिॲक्शन पुन्हा उसळू शकते, म्हणून तिथे काही तास देखरेखीखाली ठेवावं लागतं.

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तेव्हा मुलीचं वजन पुन्हा करायचं, डोस खोडून नवा लिहायचा आणि सिस्टरकडची ॲम्प्युल उजेडात धरून पाहायची. तारीख उलटली असेल किंवा आतलं पाणी गुलाबी-तपकिरी झालं असेल, तर ती बदलून घ्यायची.